विटांची भट्टी घ्यावी की फायबरची? विजेचा हिशोब मांडून पाहू

शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमुळे कोल्हापुरात भट्टीचं अस्तर लावणारे कारागीर सहज भेटतात. त्यामुळे मातीची भांडी भाजायची छोटी इलेक्ट्रिक भट्टी इथेच बांधून घेता येते. प्रश्न उरतो तो अस्तराचा: हलकी इन्सुलेशन वीट की सिरॅमिक फायबर ब्लँकेट?

उदाहरणाला आतून दीड-दीड फुटांची चौकोनी भट्टी घेऊ. भिंत साडेचार इंच, माल 20 किलो, शेल्फ 15 किलो. 25 वरून 1000 अंशांपर्यंत 8 तासांत जायचं आहे. एक किलो माती एक अंशाने तापवायला साधारण 1 किलोज्यूल लागतो. म्हणजे 20 × 975 = 19,500 किलोज्यूल. याला 3600 ने भागलं की 5.4 युनिट. मातीत रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी सुटताना आणखी सुमारे अडीच-तीन युनिट जातात. बाकीचा अंदाज असा:

| खर्च (युनिट) | वीट | फायबर |
|---|---|---|
| माल | 8 | 8 |
| शेल्फ | 4 | 4 |
| भिंती तापवणं | 17 | 4 |
| बाहेर गेलेली उष्णता | 10 | 8 |
| एकूण | 39 | 24 |

फरक कुठे पडला ते बघा. विटांची भिंत 130 किलोंच्या वर भरते, फायबरची 30 च्या आत. विटांच्या भट्टीत आपण मडक्यांपेक्षा भिंतच जास्त भाजतो. म्हणूनच अर्धी भरून लावली तरी जेमतेम चार युनिट वाचतात. माल साठवून भट्टी भरूनच लावावी.

दुसरा मुद्दा लोडचा. शेवटच्या टप्प्यात ताशी 100 अंश चढवायला विटांच्या भट्टीला साडेसहा किलोवॅटच्या आसपास लागतात, फायबरला साडेतीन. त्यामुळे विटांसाठी 8 किलोवॅटचे एलिमेंट आणि थ्री-फेज जोडणी हवी. व्होल्टेज 230 वरून 205 वर आलं की 8 चे सव्वासहाच उरतात. भट्टी 900 पर्यंत नीट चढून पुढे रेंगाळायला लागली, तर एलिमेंटला दोष देण्याआधी चालू भट्टीत इलेक्ट्रिशियनकडून व्होल्टेज मोजून घ्या.

मग वीट कुणी घ्यावी? रोज भाजणी करणाऱ्याने. कोमट भिंतीवरच पुढचा माल लागला, तर त्या 17 युनिटांतले काही परत मिळतात. वीट धक्के सोसते आणि सावकाश निवते. फायबर झपाट्याने निवतं. 573 अंशांजवळ मातीतला क्वार्ट्झ आकसतो, तेव्हा जाड तळ तडकतात. कंट्रोलरवर 620 ते 520 हा उतार दोन तासांचा ठेवला की ते टळतं, खर्च फार तर दोन युनिट. फायबरची धूळ मात्र फुफ्फुसाला वाईट. अस्तर लावताना मास्क हवाच. जुनं काढताना तर जास्तच, कारण तापून तापून त्यात क्रिस्टोबलाइट ही फुफ्फुसाला घातक सिलिका तयार झालेली असते.

आठवड्यातून एकदा भाजणी असेल तर मी फायबरच घेईन. युनिटला 10 रुपये धरले तर दर भाजणीला दीडशे रुपये वाचतात, वर्षाला साडेसात हजारांच्या पुढे. दोन्ही कोटेशनमधला फरक या आकड्याशी ताडून बघा.