महिन्याला २५ जीबी घ्यावा की रोज १ जीबी? एमबीत काढून बघितलं की कळतं

गोव्यात बऱ्याच घरात हाच प्रश्न असतो, घरी वायफाय आहे, ऑफिसात किंवा कॉलेजात थोडंफार मिळतं, मग मोबाईलवर महिन्याचा एकगठ्ठा डेटा घ्यायचा की रोजचा ठरलेला. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो रोजचाच घ्या, सगळे तोच घेतात. पण सगळ्यांचा वापर सारखा नसतो ना. म्हणून मी दोन्ही प्लॅन एकाच मापात आणून बघते, दिवसाला किती एमबी.

आधी एकगठ्ठा. २५ जीबी, ३० दिवस. १ जीबी म्हणजे १०२४ एमबी धरा, मग २५ × १०२४ = २५,६०० एमबी, भागिले ३० म्हणजे दिवसाला साधारण ८५३ एमबी. तोंडी करायचं असेल तर १००० धरा, ८३३ येतात, वीस एमबीचा फरक, त्याने निर्णय बदलत नाही. दिवसांची चूक मात्र महागात पडते. तोच २५ जीबी २८ दिवसांचा असेल तर दिवसाला ९१४ पडतात आणि आकडा बघून प्लॅन चांगला वाटायला लागतो, पण रिचार्ज दोन दिवस आधी मारावा लागतो, आणि २८ च्या हिशोबाने वर्षात बारा नाही तर तेरा रिचार्ज होतात. त्यामुळे किंमत बघताना पण आधी दिवसांनी भागा मगच तुलना करा. ट्रायने २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा निदान एक तरी प्लॅन ठेवायला लावलाय, तो यादीत खाली कुठेतरी असतो, मागून घ्या.

आता रोजचा. १ जीबी रोज, २८ दिवस. इथे उलट करायचं, १०२४ × २८ = २८,६७२ एमबी, म्हणजे पूर्ण २८ जीबी. मग हा २५ वाल्यापेक्षा मोठाच झाला की! दिवसाला पण १०२४, तिकडे फक्त ८५३. इथेच लोक फसतात, कारण हे दोन आकडे दिसायला सारखे असले तरी त्यांचा अर्थ वेगळा आहे. ८५३ ही सरासरी आहे, आज ३०० वापरले तर उरलेले उद्या तुमचेच. १०२४ ही मर्यादा आहे, आज ३०० वापरले तर बाकीचे ७२४ रात्री बारा वाजता गेले, सहसा ते पुढे जमा होत नाहीत.

एक उदाहरण घेऊ. डिचोलीहून रोज वेर्ण्याला कामाला जाणारा माणूस धरा. सोमवार ते शनिवार बसमध्ये गाणी, व्हॉट्सॲप, थोडे रील्स, मिळून ४५० एमबी. रविवारी गावच्या जुन्या घरी जातो, तिथे वायफाय नाही, पोरं त्याच्याच फोनच्या हॉटस्पॉटवर कार्टून बघतात, त्या एका दिवसात अडीच जीबी म्हणजे २५६० एमबी उडतात. २८ दिवसांत २४ साधे दिवस आणि ४ रविवार, १०,८०० अधिक १०,२४०, एकूण २१,०४० एमबी. साडेवीस जीबी. २५ च्या प्लॅनमध्ये आरामात बसतं, वर पुढच्या दोन दिवसांना पण पुरतं.

आता याच माणसाला रोज १ जीबी द्या. साध्या दिवशी दर रात्री ५७४ एमबी फुकट जातात आणि रविवारी दुपारीच १०२४ संपतात. महिन्याभरात त्याच्या हाताला खरे लागले १४,८९६ एमबी, म्हणजे साडेचौदा जीबी. २८ जीबीचा प्लॅन घेऊन जवळपास साडेतेरा वाया, आणि तरी चारही रविवारी नेट नाही. मोठा प्लॅन घेऊन कमी मिळालं.

संपल्यावर काय होतं तेही बघा, कारण रोजच्या प्लॅनवर ‘अनलिमिटेड’ लिहिलेलं असतं. बऱ्याचदा लिमिट संपली की स्पीड ६४ केबीपीएसवर येतो. आठाने भागलं की सेकंदाला ८ केबी, म्हणजे १ एमबी यायला दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ. मेसेज जातात, पण ३ एमबीचा एक फोटो उघडायला सहा-सात मिनिटं, आणि बाजारात मासळीवाल्या बाईंसमोर उभं राहून यूपीआय फिरत राहतं. फोनवर फोरजी पूर्ण दांड्या दाखवतोय पण काहीच लोड होत नाही, असं दिसलं तर नेटवर्कला दोष देण्याआधी कंपनीच्या ॲपमध्ये शिल्लक बघा.

पण म्हणून एकगठ्ठाच घ्या असंही मी म्हणणार नाही. माझी मावसबहीण फोंड्याला हॉस्टेलवर असते, वायफाय नाही, रोज लेक्चरचे व्हिडिओ. व्हिडिओचा हिशोब सोपा आहे, १ एमबीपीएसने तासभर बघितलं तर ४५० एमबी, साधारण साध्या ४८०पी चित्राला एवढे लागतात. दोन तास म्हणजे ९००, रोज, रविवार पण तसाच. २५,६०० भागिले ९०० केलं तर २८.४ येतात, म्हणजे २९व्या दिवशी नेट संपणार, तेही तिने दुसरं काहीच बघितलं नाही तर. तिला सरळ सांगितलं, तू दीड जीबी रोजचा घे, १५३६ एमबी, तुझं भागेल. ज्याचा प्रत्येक दिवस सारखा त्याला रोजचा प्लॅन चांगला, शिवाय आज कितीही उधळलं तरी उद्या सकाळी पाटी कोरी.

एकगठ्ठा प्लॅनची खरी परीक्षा चतुर्थीला होते. माटोळी दाखवायला मुंबईच्या आणि गल्फमधल्या लोकांना व्हिडिओ कॉल, घुमट आरतीचे व्हिडिओ पाठवणं, पाच दिवसांत १० जीबी सहज जातात. समजा त्याआधीच्या पाच दिवसांत २ जीबी गेले होते, मग दहाव्या दिवशी उरले १३. आता ८५३ विसरायचे. शिल्लक भागिले उरलेले दिवस, एवढंच करायचं, १३,३१२ ÷ २० = ६६५ एमबी. उरलेला महिना ६६५ मध्ये काढायचा, व्हिडिओ ॲपचं चित्र मोबाईल डेटावर कमी ठेवलं तर जमतं. आठवड्यातून एकदा हा भागाकार केला तरी पुरे. रोजच्या प्लॅनवर मात्र चतुर्थीचे पाचही दिवस १०२४ ला अडकले असते.

पावसाळ्याचं पण तसंच. लाइट गेली की राउटर बंद, मग लॅपटॉप हॉटस्पॉटवर, आणि लॅपटॉपला ते वायफायच वाटतं म्हणून तो मागच्या मागे अपडेट ओढायला लागतो. विंडोजमध्ये त्या हॉटस्पॉटला ‘मीटर्ड कनेक्शन’ करून ठेवा, नाहीतर दोन दिवसांचे एमबी तासाभरात जातील आणि कशात गेले ते कळणार पण नाही.

तर ठरवताना दोन आकडे काढा. फोनच्या सेटिंगमध्ये डेटा युसेज उघडा, मागच्या महिन्याचा एकूण मोबाईल डेटा आणि सगळ्यात जास्त वापराच्या दिवसाचा आकडा. दिवसाचा दिसत नसेल तर पुढचे दोन रविवार सकाळ-रात्र आकडा लिहून वजाबाकी करा. एकूण २२-२३ जीबीच्या आत आणि एखाद-दुसरा दिवस १ जीबीच्या खूप वर जात असेल तर २५ वाला घ्या. रोजच ८००-९०० च्या पुढे असाल तर रोजचा, आणि तोही जास्तीत जास्त वापराचा दिवस ज्यात बसेल तो.

फाइव्हजी फोनवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. काही कंपन्या २ जीबी रोज किंवा त्यावरच्या प्लॅनवर फाइव्हजी अनलिमिटेड देतात, तिथे हा हिशोब फक्त फोरजीला लागतो. पण सत्तरीच्या आत गेलात आणि फोन फोरजीवर आला की परत तेच २०४८ एमबी मोजायला लागतात, म्हणून तुम्ही दिवसातले जास्त तास कुठे असता आणि तिथे वरच्या पट्टीवर काय लिहून येतं ते बघूनच जास्तीचे पैसे द्या.