फ्रीसेलमध्ये अडलेलं पान कुठे ठेवायचं: सेलमध्ये की रिकाम्या कॉलममध्ये?

समजा, पत्त्यांच्या या खेळात एकेकच पान तात्पुरतं ठेवायचे दोन सेल आणि एक कॉलम रिकामा आहे आणि चौकटची छक्की एक्क्यावर बसली आहे. ती कुठे हलवायची, इथे बरेच जण अडतात.

आधी हालचालीची किंमत पाहू. एका वेळी किती पानांची लड सरकवता येते? रिकाम्या सेलच्या संख्येत एक मिळवा आणि प्रत्येक रिकाम्या कॉलमसाठी दुप्पट करा. आत्ता ही संख्या सहा आहे. छक्की सेलमध्ये टाकली तर चार उरते, कॉलममध्ये टाकली तर तीनच. म्हणजे सेल स्वस्त. मात्र एकच सेल रिकामा असेल, तर दोन्हीकडे दोनच उरतात. तेव्हा कॉलम घ्यावा, कारण तिथल्या छक्कीवर काळी पंजी लावता येते. सेलमधल्या पानावर काहीच लागत नाही.

एक फसगत नेहमीची. लड रिकाम्याच कॉलममध्ये न्यायची असेल तर तो कॉलम दुपटीत धरायचा नाही. वरच्या स्थितीत सहा नव्हे, तीनच पानं जातील.

सुटकेचं गणित राजाला सर्वांत जड जातं. त्याच्याहून मोठं पान नाही, त्यामुळे सेलमधला राजा रिकामा कॉलम मिळेपर्यंत किंवा रंग पूर्ण होईपर्यंत तिथेच अडकतो.

म्हणून दोन-तीन चालींत सुटणाऱ्या पानाला सेल द्या. राजा, किंवा ज्यावर लगेच लड रचता येईल असं मोठं पान, यांना कॉलम. राणी हाताशी नसेल तर मात्र राजालाही थांबवा.