वारंवार पांढरं जातंय: बॅक्टेरिया की बुरशी?

अंगावरून पांढरं जाणं पुन्हापुन्हा सुरू होत असेल, तर बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण निघतं: बॅक्टेरियल व्हजायनोसिस, नाहीतर कॅन्डिडा ही बुरशी. एकाचं औषध दुसऱ्यावर चालत नाही.

व्हजायनोसिसमध्ये योनी आम्लधर्मी ठेवणारे लॅक्टोबॅसिलस जिवाणू कमी होतात आणि गार्डनरेलासारखे जिवाणू वाढतात. स्राव पातळ, करडा-पांढरा असतो आणि त्याला मासळीसारखा वास येतो. पाळीनंतर आणि संबंधांनंतर वास वाढतो, कारण रक्त आणि वीर्य दोन्ही तिथली आम्लता कमी करतात. खाज फारशी नसते. बुरशीत नेमकं उलट: खाज आणि आग हीच मुख्य तक्रार, स्राव घट्ट आणि गुठळ्यांचा, वास जवळपास नाहीच.

लक्षणांवरून केलेला अंदाज बऱ्याचदा चुकतो, म्हणून तपासणी करून घ्यावी. योनीच्या बाजूच्या भिंतीवरचा स्राव आम्लता मोजणाऱ्या पीएच पट्टीला लावतात; आकडा जितका जास्त, तितकी आम्लता कमी. आकडा 4.5 च्या वर गेला तर संशय व्हजायनोसिसवर, त्याखाली असेल तर बुरशीवर. पण पाळी चालू असेल किंवा नुकतेच संबंध आले असतील तर पट्टी फसवते, आणि ट्रायकोमोनास या संसर्गातही पीएच चढतो. खात्री होते ती सूक्ष्मदर्शकाखाली.

समजा, एकीने तांबी बसवली. त्यानंतर पाळी जास्त दिवस आणि जास्त जाते, आणि ती संपली की वासाचा स्राव सुरू होतो. ती दर वेळी दुकानातून बुरशीवरची फ्लुकोनॅझोल 150 मिलिग्रॅमची गोळी आणते. काही दिवसांनी स्राव आपसूक कमी होतो आणि गोळी लागू पडली असं वाटतं. शेवटी तपासणी होते: पीएच 5, स्लाइडवर जिवाणूंनी माखलेल्या पेशी. म्हणजे व्हजायनोसिस. मेट्रोनिडॅझोल 400 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस. वास जातो, पण कोर्स संपता संपता खाज सुटते. औषध फसलं असं समजून मेट्रोनिडॅझोलच पुन्हा घेणं ही इथली नेहमीची चूक. अँटिबायोटिकनंतर बुरशी डोकं वर काढते, आणि आता मात्र फ्लुकोनॅझोल योग्य आहे.

व्हजायनोसिस वर्षभरात निम्म्याहून अधिक जणींना परत होतो. त्यासाठी मेट्रोनिडॅझोल जेल आठवड्यातून दोनदा, काही महिने देतात. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पुरुष जोडीदारालाही गोळ्या आणि लावायचं क्रीम दिलं, तेव्हा 12 आठवड्यांत आजार परतण्याचं प्रमाण 63 टक्क्यांवरून 35 टक्क्यांवर आलं. कायमचा एकच जोडीदार असेल तर हे डॉक्टरांना जरूर विचारा. बुरशीत जोडीदाराला उपचार सहसा लागत नाहीत. ती वर्षात तीन-चार वेळा झाली तर सुरुवातीला दर तिसऱ्या दिवशी एक अशा फ्लुकोनॅझोलच्या तीन गोळ्या आणि मग सहा महिने आठवड्याला एक गोळी असा क्रम असतो. साखरही तपासून घ्यावी.

आता गर्भनिरोधक. तांबीसोबत व्हजायनोसिसचं प्रमाण जास्त दिसतं, आणि लांबलेला रक्तस्राव हे त्याचं एक संभाव्य कारण. कंडोम वापरणाऱ्यांत आणि संयुक्त गोळी घेणाऱ्यांत ते कमी आढळतं. पण या गोळीतलं इस्ट्रोजेन बुरशीला पोषक, त्यामुळे बुरशीचाच त्रास असणारीला हीच गोळी कदाचित सोयीची नाही. म्हणून माझं मत: आधी कोणता आजार ते ठरवा, मग साधन बदला. एकदाच झालेल्या त्रासासाठी तांबी काढायची घाई करू नये. आणखी एक: योनीत वापरायचं क्लिंडामायसिन क्रीम आणि बुरशीवरची बरीच क्रीमं लॅटेक्स कंडोम कमकुवत करतात, आणि हे फारसं कुणी सांगत नाही.

गरोदरपणात या दोन्ही आजारांचं गांभीर्य सारखं नाही. व्हजायनोसिस असताना मुदतपूर्व प्रसूती आणि पाणमोट लवकर फुटणं जास्त दिसतं. त्रास असेल तर उपचार घ्यावेत. मेट्रोनिडॅझोल गरोदरपणात देता येतं. पण लक्षणं नसताना, कमी जोखमीच्या गरोदर स्त्रियांना शोधून उपचार दिल्याने लवकर प्रसूती टळल्याचं मोठ्या चाचण्यांत दिसलेलं नाही. बुरशी गरोदरपणात सहज होते आणि बाळाला सहसा धोका नसतो. मात्र फ्लुकोनॅझोलची गोळी टाळून क्लोट्रिमॅझोल सात रात्री योनीत वापरतात. बोरिक अॅसिडच्या कॅप्सूल वारंवारच्या त्रासात कधीकधी देतात, पण गरोदरपणात त्या पूर्ण वर्ज्य, आणि तोंडाने घेतल्यास कुणालाही विषारी.

गरोदरपणात पाण्यासारखं काही सतत झिरपत असेल तर व्हजायनोसिस म्हणून घरी थांबू नका. गर्भजलही पीएच पट्टीवर 4.5 च्या वरच दिसतं, त्यामुळे पट्टी इथे निवाडा करू शकत नाही. त्याच दिवशी तपासणी करून घ्या.