संकलन केंद्र की रतीब: चार गायींच्या गोठ्याचा लिटरमागचा हिशोब

लोणीकंद-वाघोली पट्ट्यात चार संकरित गायींचा गोठा असणाऱ्यासमोर दोन वाटा असतात. दूध गावातल्या संकलन केंद्रावर घालायचे, किंवा वाघोली-खराडीच्या सोसायट्यांत रतीब लावायचा. केंद्राचा दर 34 रुपये आणि रतिबाचा 58, म्हणजे लिटरमागे 24 रुपयांचा सरळ फायदा, असे वरवर दिसते. मात्र एक लिटर दूध तयार व्हायला किती खर्च येतो हे काढल्याशिवाय या फरकाला अर्थ नाही. पुढचे दर उदाहरणादाखल धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या पावत्यांचे दर त्या जागी घालावेत.

पहिली चूक होते ती दुभत्या दिवसाचा हिशोब धरण्यात. बारा लिटरच्या गाईला शरीरपोषणासाठी दीड किलो आणि दर तीन लिटरला एक किलो असे साडेपाच किलो पशुखाद्य लागते, आणि 1,600 रुपयांच्या 50 किलोच्या पोत्याने त्याचे 176 रुपये होतात. त्यात 20 किलो हिरवी वैरण, चार किलो कडबा आणि खनिज मिश्रण धरले की दिवसाचा चारा-खाद्याचा खर्च 275 रुपये, म्हणजे लिटरला 23 रुपये येतो. पण गाय आटल्यावरही खातेच. म्हणून हिशोब वेत ते वेत करावा लागतो. 300 दिवस दुभते आणि 100 दिवस भाकड (भाकड दिवसाला 163 रुपये) धरले तर एका गाईवर 98,800 रुपये जातात. दूध निघते 3,600 लिटर, त्यातले सुमारे 200 लिटर वासराला जाते आणि विकायला 3,400 उरते. चाऱ्याचा खरा खर्च अशा रीतीने लिटरला 29 रुपये ठरतो. वैरण स्वतःच्या रानातली असली तरी ती बाजारभावानेच धरावी, कारण तीच वैरण शेजाऱ्याला विकता आली असती.

मजुरीबाबत घरोघरी एकच उत्तर मिळते: "घरचीच माणसं आहेत." शेण काढणे, धार, कुट्टी आणि पाणी मिळून चार गायींना दिवसाचे पाच तास जातात. तासाला 60 रुपये धरले तर लिटरमागे जवळपास नऊ रुपये होतात. डॉक्टर, रेतन, जंतनाशक आणि औषधे यांना वेतामागे 4,000 रुपये धरले, तर ते लिटरला सव्वा रुपयाच्या आसपास बसतात. गाईची घसारा-किंमत तीन रुपये आणि वीज-किरकोळ एक रुपया मिळवून शेणखताचे दोन रुपये वजा केले की एकूण खर्च 41 रुपये होतो.

केंद्राच्या 34 रुपयांत याचा अर्थ लिटरला सात रुपयांचा तोटा. रोख पैसा तरीही हातात येत राहतो, कारण तोटा घरच्या मजुरीतून भरला जातो; हिशोब उलटा केला तर तासाला 60 ऐवजी जेमतेम 12 रुपये पडतात. त्यातही हा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला मिळतो. कडबा कमी करून पेंड वाढवली की दूध वाढते आणि फॅट घसरते, आणि ती घसरण दहा दिवसांच्या पावत्या शेजारी ठेवल्याशिवाय लक्षात येत नाही.

रतिबात दर चांगला असला तरी वाटपाचे अडीच तास, पेट्रोल आणि पिशव्या मिळून दिवसाला 230 रुपये लागतात. वर्षभराची सरासरी काढली तर विकायला रोज 34 लिटर दूध असते. त्यातले 28 लिटर रतिबाला आणि उरलेले सहा केंद्राला गेले तर सरासरी दर सुमारे 54 रुपये पडतो. वाटपाचे सात रुपये वजा जाता, पूर्ण मजुरी धरूनही लिटरला सहा रुपये उरतात. रतीब 20 लिटरच्या खाली गेला की मात्र हा फायदा संपतो. मे महिन्यात गावी जाणारी कुटुंबे आणि बुडालेली उधारी धरता ही सीमा वाटते तितकी लांब नाही.

डॉक्टरच्या सव्वा रुपयाने फसू नये, असे मी मुद्दाम सांगतो. कासदाह झाला की औषधापेक्षा सात दिवस टाकून द्यावे लागणारे दूध महाग पडते, कारण प्रतिजैविकाचे दूध केंद्राला किंवा ग्राहकाला देता येत नाही. पहाटेचा माज हुकला तर पुढची संधी 21 दिवसांनी येते, आणि तेवढ्या भाकड दिवसांचा चारा लिटरच्या खर्चात पूर्ण एक रुपया वाढवतो. रतीबवाल्याला हे दुप्पट लागते. चारही गायी एकाच सुमारास आटल्या तर वाटायला दूधच राहत नाही आणि ग्राहक परत येत नाहीत. म्हणून ज्याच्या गायींची वेते तीन-तीन महिन्यांच्या अंतराने लागलेली आहेत, त्याने रतीब धरावा. ज्याच्या चारही एकाच महिन्यात व्यालेल्या आहेत, त्याने पुढच्या रेतनापासून ते अंतर पाडावे आणि तोवर केंद्रावरच दूध घालावे.