‘आतडेशुद्धी’चा डबा आणि दडून राहिलेले प्रोस्टेट

आमच्या ८ वर्षांच्या, नसबंदी न केलेल्या लॅब्रॅडॉरला शौचाला त्रास होऊ लागला. तो बराच वेळ कुंथत असे, आणि विष्ठा बाहेर पडे ती पट्टीसारखी चपटी. कोथरूडमधील एका पेट शॉपच्या विक्रेत्याने, जो स्वतःला श्वान-आहारतज्ज्ञ म्हणवतो, कुत्र्याला हातही न लावता ‘आतड्यांना मळ चिकटला आहे’ असे निदान केले आणि २०० ग्रॅमचा ‘आतडेशुद्धी’ चूर्णाचा डबा १,४५० रुपयांना आमच्या गळ्यात मारला.

चूर्ण दिल्यावर विष्ठा पातळ होऊन सुटली, त्यामुळे गुण आला असेच वाटले. परंतु कुंथणे थांबले नाही, वायू मात्र वाढला. डब्याच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत घटक होते: इसबगोल आणि सोनामुखी. इसबगोलाचा भुसा कोणत्याही किराणा दुकानात याच्या अल्प किमतीत मिळतो. सोनामुखी आतड्याला चाळवून जुलाब घडवते. अडथळा असेल तर तो तसाच राहतो, फक्त झाकला जातो. शिवाय इसबगोल पाणी शोषून फुगते. २८ किलोच्या कुत्र्याला अन्नातल्या ओलाव्यासह दिवसाला साधारण दीड लिटर पाणी लागते. ते पोटात जात नसेल तर हाच भुसा मळाचा घट्ट गोळा करतो. पाण्याविषयी विक्रेत्याने अवाक्षर काढले नव्हते.

पशुवैद्यांनी हातमोजा घालून गुदद्वारातून तपासले आणि प्रोस्टेट वाढल्याचे लगेच सांगितले. सोनोग्राफीने ते पक्के झाले. नसबंदी न केलेल्या वयस्क नरांत ही वाढ नेहमीची असते. ग्रंथी मलाशयाखाली असल्याने मोठी झाली की त्याला खालून दाबते, म्हणून विष्ठा चपटी होते. नसबंदीनंतर काही आठवड्यांत ग्रंथी आकसली आणि कुंथणे थांबले. तोवर उकडलेला लाल भोपळा, बिनमीठ-मसाल्याचा, आणि जेवणात कालवलेले कोमट पाणी एवढेच पथ्य होते. (नुसते हाडे चघळल्यानेही बद्धकोष्ठ होते, पण तेव्हा विष्ठा खडूसारखी पांढरी व भुरभुरीत असते.)

पैसे परत मागितले तेव्हा ‘सील फोडले आहे’ असे उत्तर मिळाले. परंतु माझी खरी तक्रार डब्यासोबत दिलेल्या चिठ्ठीबद्दल आहे. तीत ‘पोट फुगल्यास घाबरू नये, विषारी वायू निघत आहे’ असे छापले आहे. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याचे पोट अचानक ढोलासारखे ताणले गेले, तो लाळ गाळत ओकण्याचा प्रयत्न करू लागला आणि काहीच बाहेर पडेना, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. अशा वेळी चूर्ण, तेल, घरगुती एनिमा यांपैकी काहीही न करता थेट चोवीस तास चालू असणारा पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. नर कुंथत असूनही लघवीचा थेंब पडत नसेल, तर तेही बद्धकोष्ठ समजून सकाळपर्यंत थांबू नये.