इटालियन खरेदीखताचं इंग्रजी भाषांतर: आठ महिने वापरून झाल्यावर (आणि ते चार फूट)

आधी एक स्पष्ट करते, आमचा तोरिनोचा, म्हणजे इटलीतल्या टुरिनचा, फ्लॅट चार फूट उंच नाही. तो तिसऱ्या मजल्यावर आहे, छप्पर व्यवस्थित आहे आणि माझा सहा फुटी नवरा त्यात पाच वर्षं सरळ उभा राहिलेला आहे. हे मला बँकेच्या वकिलांना तोंडाने, मग मेलवर, मग फ्लॅटचा फोटो पाठवून समजावावं लागलं, म्हणून खरेदीखताचं भाषांतर करून देणाऱ्या एजन्सीचा हा रिव्ह्यू.

पार्श्वभूमी थोडक्यात. तोरिनोत असताना फ्लॅट घेतला, मग पुण्याला परत आलो, तो भाड्याने दिलाय. इथे होम लोनला ते भाडं उत्पन्नात धरायचं होतं, आणि सीएंना रिटर्नमधल्या शेड्यूल एफएसाठी, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यासाठी, खरेदीची तारीख, किंमत, कुणाच्या नावावर हे सगळं कागदावर हवं होतं. म्हणून तोरिनोतल्या एका एजन्सीकडून कोर्टात शपथ घेऊन केलेलं भाषांतर मागवलं, त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी दाखला, मग कुरिअर. नोटरी म्हणजे कोर्टाबाहेर छत्रीखाली शिक्के मारणारे काका नव्हेत हे तिकडे राहिलेल्यांना माहीतच आहे, तिथला नोटाइओ दस्त स्वतः तयार करतो, वाचून दाखवतो, नोंदणीही तोच करतो, आणि मूळ दस्त त्याच्याकडेच राहतो, आपल्याला मिळते ती प्रमाणित प्रत. बँकेत मात्र पहिलं वाक्य आलंच, "मॅडम, नोटराइज्ड नको, रजिस्टर्ड आणा." पहिल्या पानावर वर कोपऱ्यात नोंदणीची तारीख आणि नंबर छापलेला होता, पण एजन्सीने तो भाषांतरात घेतलाच नव्हता, मजकुराचा भाग नाही म्हणे. अरे, शिक्का आणि समासातली नोंद हीसुद्धा भाषांतर करायचीच वस्तू आहे, आमच्या बँकेला तर तेवढीच हवी होती.

आता पैशांचं. तिथे भाषांतराचा हिशोब 'कार्तेल्ला'वर होतो, आमच्या एजन्सीत एक कार्तेल्ला म्हणजे स्पेस धरून १५०० अक्षरं. आमच्या २० भरल्या, प्रत्येकी २८ युरो. त्यावर शपथेचा खर्च, म्हणजे दर चार पानांना १६ युरोचं महसुली तिकीट. कागद हातात आला तेव्हा माझं डोकंच फिरलं, कारण एवढे मोठे मार्जिन, एवढी मोकळी ओळ, शाळेतल्या निबंधाच्या वहीसारखं. मला वाटलं पानं वाढवून तिकिटं लावतायत. तसा एक कडक मेल पाठवला. मग रविवारी बसून ओळी मोजल्या तर प्रत्येक पानावर बरोबर २५. नियम चार पानं किंवा १०० ओळी असा आहे, २५ चोक १००, गच्च छापलं असतं तरी तिकिटं तेवढीच लागली असती. त्या मेलबद्दल माफी मागितली. पण एक खंत अजून आहे ती आहे: भाषांतर २० पानं आणि शपथेचं पान एकविसावं, त्या एका पानापायी सहावं तिकीट. दोन परिच्छेद जरा जवळ घेतले असते तर १६ युरो वाचले असते.

तर ते चार फूट. मूळ दस्तात मजला लिहिलाय तो असा: तिसरा मजला, कंसात "४° एफ.टी." हे एफ.टी. म्हणजे 'फुओरी तेर्रा', जमिनीच्या वर. तिथे तळमजला हा शून्य, त्यामुळे 'पियानो तेर्झो' म्हणजे आपला तिसराच, पण जमिनीवरचे मजले तळापासून मोजले तर चौथा. कुणी तळमजल्यालाच पहिला म्हणालं तर भांडण नको म्हणून तोरिनोच्या दस्तांत मजला दोन्ही मोजमापांनी लिहितात. फार हुशार पद्धत आहे, आपल्याकडे लिफ्टमध्ये पी वन, पी टू, स्टिल्ट आणि अप्पर ग्राउंड करून जो घोळ घालतात त्यापेक्षा बरीच बरी. एजन्सीने काय केलं? तिसरा मजला, कंसात फोर्थ एफटी. आणि इंग्रजीत एफटी म्हणजे काय हे चौथीतल्या पोराला विचारा. बँकेच्या वकिलांनी पेन्सिलने गोल केला आणि शेजारी लिहिलं, 'हाइट?'

एजन्सीला कळवलं तर उत्तर, मुळात जसं आहे तसं ठेवलंय. मी म्हटलं, मुळात इटालियन आहे, तेही तसंच ठेवायचं मग! त्यावर दोन दिवस शांतता.

प्रामाणिकपणे सांगायचं तर याहून भयंकर चूक दुसऱ्या पानावर होती, आणि ती मला नाही, सीएंच्या ऑफिसमधल्या मुलीला दिसली. तिथल्या दस्तात पक्षकाराचं वर्णन म्हणजे नाव, जन्मस्थळ, जन्मतारीख, राहणार, कोदिचे फिस्काले म्हणजे तिथला कर क्रमांक, आणि लग्न झालं असेल तर मालमत्तेची व्यवस्था कोणती ते. आमच्यापुढे होतं 'सेपारात्सिओने देइ बेनी', म्हणजे नवराबायकोची मालमत्ता वेगवेगळी, जो घेईल त्याची. भाषांतरात आलं, विवाहित, कायदेशीर विभक्त. त्या मुलीने इतक्या हळू आवाजात विचारलं, "ताई, तुम्ही दोघं एकत्रच अर्ज करताय ना?" नवरा शेजारीच चहा पीत होता.

हे कलम तिथे उगाच नसतं. १९७५ पासून इटलीत काही न ठरवता लग्न केलं तर मालमत्ता सामाईक धरतात, आणि मग एकट्या नवऱ्याने सही करून घर घेतलं तरी त्यात बायकोचा वाटा येतो, आणि विकताना दोघांच्या सह्या लागतात. माझी मडगावची मैत्रीण हे एका वाक्यात समजली, गोव्यात पोर्तुगीज काळापासून हेच आहे. आम्ही पुण्यात लग्न केलेले, आपल्याकडे तशी सामाईक व्यवस्थाच नाही, म्हणून नोटाइओने विचारून विचारून 'वेगवेगळी' लिहिलं. 'बेनी' हा एक शब्द गाळला की मालमत्ता वेगळी न होता माणसंच वेगळी होतात. दस्त भाषांतराला देणाऱ्यांनी दुसरं काही नाही तरी हे वाक्य स्वतः तपासा.

(तरीही राग मला त्या चार फुटांचाच जास्त येतो. का ते माहीत नाही.)

आता इथे माझं मत बदललं ते सांगते. सुरुवातीला मी एजन्सीला लिहिलं होतं की ती लांबलचक भाषा जरा सोपी करा. विकते आणि हस्तांतरित करते, स्वीकारतो आणि खरेदी करतो, सर्व अनुषंगांसह, सुखाधिकारांसह, आहे त्या स्थितीत, 'आ कोर्पो' म्हणजे मापावर नव्हे तर अख्खी वस्तू म्हणून... कार्तेल्लाला २८ युरो देताना प्रत्येक जोडशब्द खिशाला लागतो हो. त्यांनी साफ नकार दिला. मी चिडले.

मग दिवाळीच्या सफाईत आजोबांचं साताऱ्याच्या जमिनीचं खरेदीखत सापडलं. लिहून देणार, लिहून घेणार, वय, धंदा, राहणार, चतुःसीमा, आणि मग ते जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह. वाचता वाचता हसूच आलं, हा तर आमचाच तोरिनोचा दस्त! कोएरेंत्से म्हणजे चतुःसीमा, पार्ते वेंदित्रीचे म्हणजे लिहून देणार. आजोबांच्या कागदातलं निधी-निक्षेप कुणी "फालतू" म्हणून गाळलं असतं तर मी सोडलं असतं का? आ कोर्पोचंही तेच, त्यावर इटालियन सिव्हिल कोडचं १५३८ कलम उभं आहे: किंमत अख्ख्या घराची ठरली की माप कमीजास्त निघालं तरी किंमत बदलत नाही, दस्तात लिहिलेल्या मापाहून विसाव्या भागापेक्षा जास्त फरक असला तरच बदलते. त्या दोन शब्दांत एवढं बसलंय. एजन्सीचं बरोबर होतं, माझं चूक.

फक्त शब्दाला शब्द ठेवून भागत नाही हेही त्याच दस्ताने शिकवलं. शेवटाकडे लिहिलंय की विकणारी बाई 'इपोतेका लेगाले'चा हक्क सोडते. एजन्सीने लिहिलं, लीगल मॉर्टगेज सोडते. शब्दकोशाप्रमाणे चूक नाही. पण बँकेतल्या माणसाने मॉर्टगेज वाचलं आणि फाइल बाजूला ठेवली, "फ्लॅटवर आधीच कर्ज आहे का?" तीन आठवडे गेले. खरं काय, तर तिथे किंमत पूर्ण मिळाली नाही तर विकणाऱ्याचा त्या घरावर कायद्यानेच बोजा येतो, आणि पैसे मिळाले, पावती दिली, म्हणून ती तो हक्क सोडते. आपल्या ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टच्या ५५ कलमातही न मिळालेल्या किमतीपुरता विकणाऱ्याचा बोजा असतोच. एवढी एका ओळीची तळटीप हवी होती. कर्ज असल्याचं नव्हे, कर्ज नसल्याचं ते वाक्य आहे!

शेवटी तोरिनोतल्याच एका स्वतंत्र भाषांतरकार बाईंकडून दुरुस्त करून घेतलं. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या: कागद कुणापुढे जाणार, नावं पासपोर्टवर नेमकी कशी आहेत, आणि लग्न कुठे आणि कधी झालं. एजन्सीने यातलं एकही विचारलं नव्हतं. बाईंनी भाषा तशीच जडजंबाल ठेवली, वर पाच तळटीपा दिल्या, आणि मजल्यापुढे लिहिलं, जमिनीपासून मोजता चौथा मजला. वाचून मला भरून आलं, खोटं सांगत नाही.

पण शपथ घेतलेल्या भाषांतरावर पेनाने दुरुस्ती चालत नाही. भाषांतरकाराने आपण काम नीट आणि प्रामाणिकपणे, फक्त सत्य कळावं म्हणून केलं अशी शपथ कोर्टातल्या क्लार्कपुढे घेतलेली असते, त्यामुळे एक अक्षर बदललं तरी नवी प्रत, नवी शपथ, नवी तिकिटं, नवं अपोस्टिल. म्हणून आधी मसुदा पीडीएफमध्ये मागवा, बँकेच्या वकिलांना दाखवा, मगच शपथेला जाऊ द्या. आम्ही घाई केली. दुसऱ्या खेपेला तळटीपा धरूनही शपथेचं पान विसावं आलं, पाच तिकिटं, ८० युरो. एवढ्यासाठी बाईंना वेगळा थँक्यूचा मेसेज केला.

एजन्सीला दोन स्टार, तेही मार्जिनच्या बाबतीत मी त्यांच्यावर अन्याय केला म्हणून एक वाढवून. पहिल्या खेपेच्या तिकिटांचे ९६ युरो परत मागितले, निम्मे दिले आणि लिहिलं की फ्लोअरचा मुद्दा ही शैलीची बाब आहे. उरलेल्या ४८ साठी काल परत मेल टाकलाय. लोन मंजूर झालं. मंजुरीपत्राच्या दुसऱ्या पानावर इतर मालमत्ता या रकान्यात जुन्या फाइलवरूनच टाइप केलंय: रेसिडेन्शियल फ्लॅट, टुरिन, इटली, हाइट ४ फूट.