८ महिने प्रेशर वॉशर वापरून: बारीक नोझल टाकलं आणि जोरच गेला

छोटं वॉशिंग सेंटर आहे, बाईका जास्त, पावसाळ्यात ट्रॅक्टर. मशीन ३ एचपी सिंगल फेज, तीन प्लंजरचा पंप, मिनिटाला ११ लिटर. मशीन चांगलंय, तक्रार नाही, पण पहिले दोन महिने मीच येड्यासारखा वापरत होतो ते सांगतो.

सोबत २५०५ नोझल आलं होतं, म्हणजे २५ डिग्रीचा फवारा आणि ०५ साइज. काटा ९३ बारला. ट्रॅक्टरच्या मडगार्डखालचा वाळलेला चिखल काय निघेना, मग वाटलं भोक बारीक केलं की धार जोरात लागेल, नळाला बोट लावल्यासारखं, म्हणून ०३ आणलं. काटा १०५ वर गेला, खूश झालो, पण चिखल आधीपेक्षा जास्त वेळ घ्यायला लागला. काटा वर आणि काम खाली, हे कसं?

टाकीजवळ गेल्यावर कळलं. गन दाबलेली असताना बायपासच्या पाइपातून करंगळीएवढी धार टाकीत परत पडत होती. खरं तर तेव्हा तो पाइप कोरडा पाहिजे! म्हणजे पंप त्याचे ११ लिटर ढकलतोच, त्याला नोझलचं काही देणंघेणं नाही, ०३ मधून ते सगळं जायचं तर २५० बारच्या वर लागतील आणि अनलोडर तर १०५ लाच सेट आहे, मग तो उघडतो आणि उरलेलं पाणी मागे सोडतो. २० लिटरची बादली गनखाली धरली, ०५ ला १ मिनिट ५० सेकंद, ०३ ला जवळपास ३ मिनिटं. ११ चे ७ लिटर झाले की. धारेचा धक्का पाणी किती आणि वेग किती या दोन्हीवर असतो, हिशोब केला तर ०५ चा साधारण अडीच किलो, ०३ चा पावणेदोन.

मधे एक शहाणपणा अजून केला, ०३ असतानाच अनलोडर दोन आटे आवळला. काटा १४० ला, मोटर घुमायला लागली आणि एमसीबी पडला. परत होता तिथे आणला, आता पाना त्याला लावत नाही.

०५ परत लावलं, मस्त चाललं, पण सातव्या महिन्यात काटा ७५ ला आला. मेकॅनिक म्हणाला पंपाची सीलं गेली. बादली लावली तर तेवढेच १ मिनिट ५० सेकंद, बायपास पण कोरडा. पाणी पूर्ण येतंय म्हणजे पंप ठीकच, भोकच झिजून मोठं झालंय (बोअरच्या पाण्यात बारीक वाळू येते आमच्याकडे). बादलीला वेळ जास्त लागला असता तर सीलं नाहीतर व्हॉल्व बघितले असते. अशा वेळी अनलोडर आवळून पण काही होत नाही, कारण तो उघडलेलाच नसतो. नवं ०५ टाकलं, काटा परत ९३ ला, पंप न खोलता.

०३ वालं डब्यात पडून आहे, कुणाचं ७ लिटरवालं मशीन असेल तर घेऊन जा, त्याला बरोबर बसेल.